लिटलचा नियम : ऑर्डर कार्यालयातील उपयोग

प्रतीक्षा-रांग सिद्धांतातील एक मूलभूत संबंध. एखाद्या व्यवस्थेत सरासरी किती कामे पडून असतात (L), रोज किती कामे आत येऊन पार पडतात (λ) आणि एका कामाला आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत सरासरी किती वेळ लागतो (W), या तीन राशी L = λW या सूत्राने बांधल्या जातात. कामे कोणत्या क्रमाने घेतली, हाताशी किती माणसे होती किंवा ऑर्डरी रोज सारख्या आल्या की लोंढ्याने, यांतले काहीही सूत्रात येत नाही.

नियमाला अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांचे नाव असले, तरी सूत्र त्यांच्या आधीपासून वापरात होते. अॅलन कोबॅम यांच्या १९५४ च्या लेखात ते सिद्धतेविना येते. लिटल यांचे गुरू फिलिप मॉर्स यांनी १९५८ च्या ग्रंथात अनेक रांगांमध्ये हा संबंध आढळतो असे नोंदवून, तो जिथे मोडतो असे उदाहरण शोधण्याचे आव्हान वाचकांना दिले. सर्वसाधारण सिद्धता लिटल यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणून सूत्राचे नव्हे, तर सिद्धतेचे श्रेय त्यांचे मानणे अधिक योग्य. त्यांची मांडणी संभाव्यताशास्त्रातील स्थिर प्रक्रियांवर आधारलेली होती. शेलर स्टिडहॅम यांनी १९७४ मध्ये प्रत्यक्ष घडलेल्या एकाच नोंदक्रमावरून सिद्धता दिली. कार्यालयीन कामाला हीच दृष्टी जवळची वाटते, कारण तिचा गाभा रजिस्टरवरूनच कळतो. ऑर्डर जितके दिवस पडून राहते, तितक्या वेळा ती रोजच्या पेंडिंग मोजणीत येते. त्यामुळे रोजच्या पेंडिंगची बेरीज आणि सगळ्या ऑर्डरींनी काढलेल्या दिवसांची बेरीज एकच असते. फरक पडतो तो फक्त काळाच्या दोन टोकांना अर्धवट राहिलेल्या ऑर्डरींमुळे.

नागपूरजवळ अमरावती मार्गावरील वाडी परिसरात गोदामांची वस्ती दाट आहे. तिथल्या एखाद्या पंपांच्या सुट्या भागांच्या वितरकाचे कार्यालय उदाहरणादाखल घेऊ. चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया येथील दुकानदारांकडून रोज सरासरी ४० ऑर्डरी येतात आणि तितक्याच रवाना होतात. रोज सकाळी कामाला सुरुवात होण्यापूर्वी मोजलेले पेंडिंग सरासरी १२० भरते. म्हणजे एका ऑर्डरीला सरासरी १२० ÷ ४० = ३ कामाचे दिवस लागतात. बिलिंगचे लोक मात्र माल एका दिवसात निघतो असे सांगतात, आणि त्यांचेही खोटे नसते. ते दिवस मोजतात ते उधारीची मंजुरी मिळून कागद त्यांच्या टेबलावर आल्यापासून. मोजणीची हद्द बदलली की L आणि W दोन्ही बदलतात. तिन्ही राशी एकाच हद्दीच्या हव्यात, ही इथली सर्वांत महत्त्वाची अट होय.

पेंडिंग टेबलवार वेगळे केले की चित्र उलगडते. बिलिंगकडे ४० ऑर्डरी असतात आणि त्यांच्या हातून रोज ४० जातात, म्हणजे एक दिवस. उरलेल्या ८० हिशेब विभागाकडे, दुकानदाराची उधारीची मर्यादा ओलांडल्याने अडकलेल्या. पण या टेबलावर सगळ्या ऑर्डरी येतच नाहीत. रोज सुमारे १० येतात आणि १० सुटतात. ८० ÷ १० = ८ दिवस. म्हणजे रोजच्या ३० ऑर्डरी एका दिवसात निघतात आणि १० ना नऊ दिवस लागतात. एकत्र सरासरी तीनच येते, पण तीन दिवसांचा अनुभव कोणत्याच दुकानदाराला येत नाही. बिलिंगला आणखी एक माणूस दिला, तरी त्या आठ दिवसांना धक्का लागणार नाही. अडलेल्या ऑर्डरींची उधारी रोज ठरावीक वेळी तपासून त्या टेबलावरचे पेंडिंग ४० पर्यंत खाली आले आणि आवक १० वरच राहिली, तर तिथला वेळ चार दिवसांवर येईल आणि एकूण सरासरी दोन दिवसांवर.

आकडे फसवे आहेत हे ओळखण्याची साधी खूण म्हणजे सुरुवातीचे आणि शेवटचे पेंडिंग. आठवड्याच्या सहा दिवसांत रोज ५० ऑर्डरी आल्या आणि ४० गेल्या, तर १२० चे १८० होतात. तेव्हा आठवड्याच्या सरासरी पेंडिंगला रवानगीने भागून येणारा आकडा कोणत्याही ठरावीक ऑर्डरींचा खरा काळ सांगत नाही. शनिवारी संध्याकाळी आलेल्या ऑर्डरीपुढे १८० उभ्या असतात. क्रमाने काम झाले आणि रवानगी ४० च राहिली, तर तिला साधारण साडेचार दिवस लागतील. रद्द झालेल्या ऑर्डरींचाही असाच घोळ होतो. त्या पेंडिंगमध्ये मोजल्या आणि बाहेर पडणाऱ्यांत धरल्या नाहीत, तर W फुगतो. रद्द होणे हेही बाहेर पडणेच आहे. पेंडिंग कामाच्या दिवशीच मोजले असेल, तर उत्तर कामाच्या दिवसांत येते आणि दुकानदाराला तारीख देताना मधला रविवार वेगळा धरावा लागतो.

नियम केवळ सरासरीचा आहे. दहातल्या नऊ ऑर्डरी किती दिवसांत निघतील हे त्यातून निघत नाही. त्यासाठी प्रत्येक ऑर्डरीची आवक आणि रवानगीची तारीख लागते.