व्हायरल तापावर अँटिबायोटिक (गैरसमज)

व्हायरल ताप अँटिबायोटिकने बरा होतो ही समजूत. पुण्यात पावसाळा लागला की 'व्हायरल चाललंय' जेवढं ऐकू येतं तेवढंच मेडिकलच्या काउंटरवर 'एक अझिथ्रो द्या' हेही ऐकू येतं. समजूत चुकीची आहे, पण ती असणारी माणसं अडाणी असतात असं अजिबात नाही, त्यांना गुण आलेला असतो, स्वतःच्या अंगावर अनुभवलेला, आणि घोळ नेमका तिथेच आहे.

ही समजूत आली कुठून यावर एकमत नाही. काहीजण दोष शब्दाला देतात. 'अँटिबायोसिस' हा शब्द साधारण १८८९ चा, फ्रान्समधल्या व्हुइलमँ यांचा, आणि 'अँटिबायोटिक' आजच्या अर्थाने रूढ केला तो सेल्मन वाक्समन यांनी, १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला. मराठीत त्याचं 'प्रतिजैविक' झालं, पण बोलताना आपण सगळ्यालाच 'जंतू' म्हणतो, जिवाणू पण जंतू आणि विषाणू पण जंतू, मग जंतू मारायची गोळी दोघांनाही मारेल असं वाटणारच ना. दुसरं मत असं की पेनिसिलिनच्या काळातला दरारा अजून उतरलेला नाही, पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली तेव्हा हे औषध म्हणजे चमत्कारच होता. (गंमत म्हणजे विषाणूंवर काम करणारी संस्था, आजची एनआयव्ही, त्याच्याही आधी १९५२ मध्ये पुण्यातच सुरू झाली होती.) कोविडमुळे समजूत पसरली असंही म्हणतात, पण ती त्याच्या कितीतरी आधीची आहे. प्रस्तुत लेखकाला, म्हणजे दवाखान्यात रोज हेच बघणाऱ्याला, चौथं कारण जास्त पटतं, ते म्हणजे तीन दिवसांचा कोर्स.

समजा कोथरूडमधल्या तिशीतल्या एकाला सोमवारी संध्याकाळी १०२ ताप आला. मंगळवारी अंग ठणकतंय, घसा दुखतोय. बुधवारी ऑफिसची सुट्टी वाढवायची वेळ आली तशी त्याने रात्री अझिथ्रो ५०० ची पहिली गोळी घेतली, दुसरी गुरुवारी, तिसरी शुक्रवारी, आणि शनिवारी सकाळी ताप गायब. साधा व्हायरल ताप बहुतेक वेळा तीन ते पाच दिवसच राहतो, म्हणजे शुक्रवार-शनिवारच्या सुमारास तो तसाही जाणारच होता. त्याच घरात मंगळवारी तापलेला धाकटा भाऊ नुसती पॅरासिटामॉल घेऊन रविवारी उठला, दोघांनाही पाच-पाच दिवसच लागले, पण लक्षात राहते ती मोठ्याची गोळी.

गोळी तिथे काहीच करत नाही याचं कारण सोपं आहे. पेनिसिलिन जिवाणूला त्याच्या पेशीची भिंत बांधू देत नाही, अझिथ्रो जिवाणूचा रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवायचा कारखाना, बंद पाडतं. विषाणूला ना अशी भिंत ना स्वतःचा कारखाना, तो आपल्याच पेशीतला कारखाना वापरतो आणि त्याची घडण वेगळी असल्यामुळे ही गोळी त्याला हात लावत नाही. पोटातल्या चांगल्या जिवाणूंना मात्र लावते, म्हणून जुलाब होतात, आणि जे जिवाणू यातून तगतात ते पुढच्या वेळी त्या गोळीला जुमानत नाहीत.

पण पुण्यात खरी भीती डेंग्यूची. वरच्याच उदाहरणात तो ताप डेंग्यूचा असता तर शनिवारी ताप उतरला तोच धोक्याचा काळ ठरू शकला असता, कारण रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपणं साधारण ताप उतरतानाच सुरू होतं आणि पुढचे २४ ते ४८ तास जपायचे असतात. गोळीने बरा झालो असं समजून माणूस ऑफिसला जातो. सतत उलट्या, पोटात जोरात दुखणं, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, खूप गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर ताप नसला तरी लगेच हॉस्पिटल गाठावं. डेंग्यूची शंका असेल तर तापाला पॅरासिटामॉलच घ्यावी, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नको, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

अँटिबायोटिक लागतच नाही असं मात्र नाही. टायफॉइड, न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन यांना ते लागतंच. ताप उतरून एक-दोन दिवस बरं वाटलं आणि परत चढला, खोकल्यासोबत धाप लागली, की जिवाणूंचा संशय घ्यायचा. नुसता कफ पिवळा-हिरवा झाला म्हणून नाही, व्हायरलमध्येही तो तसा होतो. रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या सीबीसी तपासणीवर पण एकटीवर भिस्त नको, पांढऱ्या पेशी व्हायरलमध्ये कमी दिसतात तशा टायफॉइडमध्येही दिसू शकतात, म्हणून टायफॉइड वाटला तर ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून बघायची तपासणी, करायचं आणि तेही पहिली गोळी पोटात जायच्या आधी, नंतर केलं तर टायफॉइड असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. काउंटरवरून आणलेल्या त्या तीन गोळ्या इथेही आडव्या येतात.