लिंकिंग फॅक्टर लावला म्हणून इंडेक्स चेन-लिंक्ड होत नाही

डीएचा म्हणजे महागाई भत्त्याचा हिशोब करणाऱ्यांना 2.88 हा आकडा पाठ असतो. औद्योगिक कामगारांचा सीपीआय म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांक 2020 मध्ये 2001 च्या बेसवरून 2016 च्या बेसवर आला, तेव्हा नवीन आकड्याला 2.88 ने गुणायचं ठरलं, हाच लिंकिंग फॅक्टर, म्हणजे नवीन 140 असेल तर जुन्या मापात 403.2. आता हे बघून बरेच जण म्हणतात की बघा आपलाही इंडेक्स चेन-लिंक्डच आहे की. तर नाही. दोन फिक्स्ड बेस सिरीज टोकाला टोक लावून जोडल्या एवढंच झालं. मधली सगळी वर्षं वेटेज 2001 चंच चालू होतं ना.

फरक सगळा वेटेजचाच आहे. फिक्स्ड बेसमध्ये एकदा सर्व्हे होतो, लोक कशावर किती टक्के खर्च करतात ते ठरतं आणि मग पुढची कित्येक वर्षं बास्केट तीच, फक्त भाव बदलत राहतात. चेनमध्ये दरवर्षी ताज्या खर्चाचं वेटेज घेऊन फक्त त्या एका वर्षाची वाढ काढतात आणि ती आधीच्या आकड्याला गुणतात. ब्रिटनचा सीपीआय आणि युरोझोनचा महागाई निर्देशांक एचआयसीपी असेच दरवर्षी जोडत जातात.

जुन्या वेटेजने नक्की काय बिघडतं ते बघायला दोनच वस्तू घेऊ, आकडे सोयीसाठी मनाचे. बेस वर्षात खर्च निम्मा अन्नावर, निम्मा इलेक्ट्रॉनिक्सवर. काही वर्षांत अन्न दुप्पट महाग होऊन 200 वर आलं, इलेक्ट्रॉनिक्स निम्म्यावर म्हणजे 50 वर. फिक्स्ड इंडेक्स झाला 125. त्यात अन्नाचा वाटा 100 आणि इलेक्ट्रॉनिक्सचा 25, म्हणजे कागदावर वेटेज अजून 50-50 दिसत असलं तरी पुढच्या वाढीत अन्न आता 80 टक्के मोजलं जाणार. ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, त्यांना वाटतं वेटेज गोठलंय. गोठलेली असते ती क्वांटिटी. जे महागलं ते इंडेक्समध्ये आपोआप जड होत जातं आणि जे स्वस्त झालं ते हलकं, आणि लोक नेमकं स्वस्त झालेलं जास्त घ्यायला लागतात ते यात कुठेच येत नाही.

समजा खरा खर्च तपासला तर तो 60-40 निघाला, कारण लोकांनी फोन-टीव्ही भरपूर घेतले. पुढच्या वर्षी अन्न 10 टक्के वाढलं आणि इलेक्ट्रॉनिक्स 10 टक्के उतरलं. फिक्स्ड इंडेक्स 125 वरून 132.5, म्हणजे महागाई 6 टक्के. चेनने 60 टक्क्यांवर वाढ आणि 40 टक्क्यांवर घट धरली तर जेमतेम 2 टक्के. भाव तेच, वर्ष तेच, आणि उत्तरात 4 टक्क्यांचा फरक!

आपल्या 2012 बेसच्या सीपीआयमध्ये खाण्यापिण्याचं वेटेज 45.86 टक्के होतं, 2011-12 च्या खर्च सर्व्हेवरून काढलेलं. त्या सर्व्हेत अन्नाचा वाटा ग्रामीण भागात जवळपास 53 टक्के आणि शहरात 43 होता, 2022-23 च्या सर्व्हेत तो 46 आणि 39 वर आला. आणि जुलै 2023 मध्ये टोमॅटो भडकला तेव्हा 7.44 टक्क्यांची जी महागाई छापून आली ती त्या जुन्या वेटेजवरचीच. महागाई खोटी होती असं नाही म्हणत मी, पण भाजीच्या भडक्याचा धक्का आकड्यात गरजेपेक्षा मोठा बसला असणार. अर्थात याची दुसरी बाजूही आहे, भाजी उतरली की जुनं वेटेज महागाई जरुरीपेक्षा कमी दाखवणार.

मग सगळीकडे चेनच का नाही? एक तर दरवर्षी खर्चाचा ताजा डेटा लागतो, आणि आपल्याकडे हा मोठा सर्व्हे इतकी वर्षं रखडला होता. दुसरं म्हणजे चेनमध्ये उपगटांची बेरीज करून एकूण आकडा जुळत नाही, रिपोर्ट बनवणाऱ्याचं डोकं उठतं. आणि जोडणी फार वेळा केली तर वेगळाच घोळ होतो, त्याला चेन ड्रिफ्ट म्हणतात. समजा 50-50 खर्चाच्या दोन वस्तू, त्यातली एक सेलमध्ये निम्म्या भावात आली, इंडेक्स 75. लोकांनी तीच भरून घेतली, त्या आठवड्याच्या खर्चात तिचा वाटा 80 टक्के. सेल संपला, भाव परत मूळ जागी. सेलच्या आठवड्याचं वेटेज लावून जोडलं तर वाढ 80 टक्के येते आणि इंडेक्स 135 वर जातो, जेव्हा खरं तर एकही भाव सुरुवातीपेक्षा वाढलेला नाही! म्हणून साधारणपणे वर्षातून एकदाच, आणि तेही वर्षभराच्या खर्चाचं वेटेज घेऊनच जोडतात.