चेकवरची खाडाखोड : बंदी कुठून आली आणि कुठे लागू होते

आपल्याकडच्या हुंडीत रक्कम आकड्यात लिहायची, अक्षरी लिहायची आणि वर तिची निमपटही लिहायची पद्धत होती. हजाराची हुंडी असेल तर ‘निमे पाचशेचे दुप्पट’ असा उल्लेख असे. पुढे चेक आला आणि त्यात रक्कम दोनदाच राहिली. 1881 च्या पराक्राम्य संलेख कायद्याने दोन्हींत फरक पडला तर काय करायचं तेही सांगून ठेवलं: कलम 18 प्रमाणे अक्षरी रक्कम खरी. काउंटरवर मात्र तसं सहसा होत नाही. अक्षरी ‘सतरा हजार पाचशे’ आणि आकड्यात 71,500 असेल, तर कायद्याने सतरा हजार पाचशे देता येतात, पण शाखा चेक परत करते. लिहिणाऱ्याच्या मनात कोणती रक्कम होती याची जबाबदारी कोणी अंगावर घेत नाही, आणि मला ते योग्यच वाटतं.

खाडाखोडीबद्दल जुना कायदा आज लोक समजतात तितका कडक नव्हता. कलम 87 प्रमाणे चेकमधला महत्त्वाचा फेरफार त्याला संमती न देणाऱ्या पक्षापुरता चेक निरर्थक करतो. याचाच अर्थ, संमती असेल तर दुरुस्ती चालते. म्हणून कित्येक वर्षं रक्कम खोडून वर नवी लिहायची, शेजारी पूर्ण सही करायची आणि चेक वटायचा. कारकून चेक हातात घेऊन उजेडाकडे धरायचा, कागद कुठे पातळ झालाय का ते बोटाने चाचपायचा, नमुना सहीचं कार्ड काढायचा. कलम 89 मुळे फेरफार वरकरणी दिसतच नसेल आणि बँकेने रीतसर पैसे दिले असतील, तर बँक सुटायची. रसायनाने धुतलेल्या चेकच्या एका खटल्यात 1993 साली सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला की अतिनील दिवा नसणं म्हणजे शाखेचा निष्काळजीपणा का. शाखेला तशी खास सूचना नसेल तर नाही, असं उत्तर मिळालं.

ही सगळी व्यवस्था एका गोष्टीवर उभी होती. ज्या शाखेत खातं, तिथे कागद पोचायचा. 2008 च्या फेब्रुवारीत दिल्ली परिसरात चेक ट्रंकेशन सुरू झालं आणि कागद जिथे भरला तिथेच थांबू लागला. 2011 मध्ये चेन्नई आणि 2013 मध्ये मुंबई त्यात आली. पैसे देणाऱ्या शाखेला आता समोर दिसते ती पुढच्या बाजूची करडी प्रतिमा आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या-पांढऱ्या प्रतिमा. त्या करड्या प्रतिमेत निळी शाई आणि काळी शाई जवळजवळ सारखीच. अतिनील दिव्याखाली दिसणारं बोधचिन्ह नाही, जलचिन्ह नाही, बोटाला लागणारा खरखरीतपणा नाही.

रिझर्व्ह बँकेच्या 22 फेब्रुवारी 2010 च्या परिपत्रकातली बंदी इथून आली. पैसे घेणाऱ्याचं नाव, आकडी रक्कम, अक्षरी रक्कम यांत काहीही बदलायचं असेल तर नवा चेक लिहा. खोडलेला चालणार नाही. सही केली तरी नाही. व्यापाऱ्यांना हे फार लागलं. मी तेव्हा क्लिअरिंगला होतो, आणि ‘माझा चेक, माझी सही, मग तुमचं काय जातं?’ हा प्रश्न रोज ऐकायचो. प्रश्न रास्त होता. कायदा बदलला नव्हता, कलम 87 जसंच्या तसं होतं. बदलली होती ती पाहण्याची सोय, आणि प्रतिमेवरून खरी दुरुस्ती आणि खोटी दुरुस्ती वेगळी करता येत नाही म्हणून दोन्ही बंद केल्या गेल्या.

गोंधळ उडाला तो व्याप्तीवरून. बंदी फक्त प्रतिमेवर चालणाऱ्या क्लिअरिंगला आहे. खातं असलेल्या शाखेच्याच काउंटरवर रोख मागितली, तर तेव्हाही नियम आड येत नव्हता आणि आजही येत नाही, निर्णय शाखेचा. पण काउंटरवरची माणसं सरसकट ‘खाडाखोड चालत नाही’ म्हणू लागली आणि तेच लोकांच्या डोक्यात बसलं. 2021 च्या सप्टेंबरअखेर सगळ्या शाखा या पद्धतीत आणायच्या ठरल्यावर फरक पुसल्यासारखाच झाला.

दुसरी गाठ तारखेची. परिपत्रकाने एकच सूट ठेवली: मुदत वाढवण्यासाठी तारखेत बदल, खातेदाराच्या सहीने. आता जानेवारीत हमखास होणारी चूक घ्या. 5 जानेवारी 2025 ऐवजी सवयीने 2024 पडलं, ते खोडून 2025 केलं. ही मुदतवाढ की चुकीची दुरुस्ती? सही असेल तर हा चेक सूटीत बसतो असं माझं मत, पण परत केलेलेही मी पाहिले आहेत. मुदतही मध्येच आखडली. 1 एप्रिल 2012 पासून सहा महिन्यांचे तीन महिने झाले, कारण काही लोक चेक सहा महिने रोकडीसारखे हातोहात फिरवत होते. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हे, कॅलेंडरचे महिने. आणि न वटलेल्या चेकचा खटला करायचा तर तो मुदतीत खातेदाराच्या बँकेपुढे पोचलेला असावा लागतो, आपण आपल्या शाखेत टाकला ती तारीख धरत नाहीत. शके तारीख घातलेला चेकही घ्यावा लागतो. मुदत मोजताना तिची इंग्रजी तारीख काढायची.

खोडलेलं निदान दिसतं. खरी पंचाईत न खोडता केलेल्या भरीची. समजा पाच हजारांचा चेक आहे. लिहिणाऱ्याने ‘रुपये’ या छापील शब्दानंतर दोन बोटं जागा सोडून ‘पाच हजार फक्त’ लिहिलं आणि चौकटीत 5,000 उजवीकडे. पुढच्या माणसाने मोकळ्या जागेत ‘एक लाख’ घातलं आणि पाचाआधी ‘1,0’. झालं, 1,05,000. अक्षर आणि आकडा तंतोतंत जुळले, कुठे खोडलं नाही, सही अस्सल. कागद हातात असेल तर दिसतं: ‘एक लाख’ दाटीने बसलंय, शिरोरेषा ‘पाच’च्या रेषेशी जुळत नाही, शाईची छटा वेगळी. प्रतिमेत यातलं निम्मं नाहीसं होतं.

म्हणूनच 2002 च्या दुरुस्तीने कलम 131 मध्ये भर घातली. चेक ट्रंकेट करून पैसे घेणाऱ्या बँकेने, साधारण काळजी घेतली तर वरकरणी दिसेल अशी लबाडी पाहायलाच हवी. चेक भरून घेणाऱ्या शाखेतला डोळा आता सगळ्यात महत्त्वाचा आहे. नावाचंही तेच. कोणाच्या खात्यात पैसे पडतात हे त्याच शाखेला माहीत असतं, आणि नावापुढे रेघ मारलेली नसेल तर तिथेही भर घालता येते.

नंतरची कुंपणं या पाच हजारांच्या चेकला लागत नाहीत. 2014 मध्ये साधारण दोन लाखांवरचे चेक अतिनील दिव्याखाली धरायला सांगितलं. आपला चेक एक लाख पाच हजारांचा. 1 जानेवारी 2021 पासून पॉझिटिव्ह पे आलं: पन्नास हजार किंवा जास्त रकमेचा चेक दिला की तारीख, नाव, रक्कम आधी बँकेला कळवायची. पण पाच हजारांचा चेक देणारा काहीच कळवत नाही, आणि सक्तीची मुभा बँकांना पाच लाखांपासून दिली गेली. उरतो तो चेक क्लिअरिंगला आल्याचा एसएमएस. ऑक्टोबर 2025 पासून चेक दिवसभर सतत पुढे जातात आणि निकाल त्याच दिवशी लागतो, त्यामुळे तो एसएमएस पाहून शाखेला फोन करायला हाताशी काही तासच असतात.