दाढीचा डाय पाच मिनिटांत का धुवायचा

"अजून दहा मिनिटं राहू दे, मस्त पक्का बसेल" हे वाक्य घरी दाढी काळी करणाऱ्या प्रत्येकाने कधीतरी ऐकलंय, आणि मग लग्नात फोटोमध्ये बुटाला पॉलिश केल्यासारखी दाढी दिसते ती याच वाक्यामुळे.

डाय म्हणजे तयार रंग नसतोच. एका ट्यूबमध्ये पीपीडी नावाच्या रसायनाचे किंवा त्याच्या जातकुळीतले छोटे, जवळपास रंगहीन रेणू असतात, त्यांच्यासोबत कपलर नावाचे दुसरे रेणू आणि थोडी अल्कली. दुसऱ्या ट्यूबमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड. दोन्ही कालवलं की अल्कलीमुळे केस फुगतो, त्याच्या वरचे खवले उघडतात आणि छोटे रेणू आत शिरतात, तिथे पेरॉक्साइड त्यांना ऑक्सिडाइज करतं, मग ते कपलरला चिकटून मोठा रंगीत रेणू होतो. कपाटाचे सुटे भाग दारातून आत नेऊन खोलीत जोडले की आख्खं कपाट बाहेर निघत नाही, तसंच, म्हणून शाम्पूने रंग जात नाही. डोक्याच्या डायला अर्धा तास लागतो, दाढीचे डाय बनवतानाच पाच मिनिटांच्या हिशोबाने बनवतात, त्यामुळे वेळ वाढवला की आत रेणू बनतच राहतात आणि ब्राउन घेतलेला शेडसुद्धा काळाकुट्ट होतो.

नैसर्गिक दिसायचं तर सगळे पांढरे केस झाकायचेच नाहीत. डोक्याच्या केसांपेक्षा एक शेड फिका घ्या, कारण दाढी बऱ्याचदा मुळातच थोडी फिकी असते. समजा अर्धा इंच दाढी आहे आणि हनुवटी पांढरी. आधी दाढीच्या कडेच्या त्वचेला व्हॅसलिन, मग प्लास्टिकच्या वाटीत (धातूची नको, पेरॉक्साइड बिघडतं) दोन्ही ट्यूबमधून लागेल तेवढंच सारखं घ्या, उरलेलं ठेवून उपयोग नाही, ते वाटीतच काळं पडतं. हनुवटीचे केस राठ, ते आधी, मग गाल, मिशा आणि कल्ले शेवटी. वरून मिश्रण काळं दिसलं तरी घाबरू नका, त्यावरून काही कळत नाही. तीन मिनिटांनी ओल्या कापसाने चार केस पुसून बघा, रंग हवा तेवढा येण्याच्या किंचित अलीकडे असतानाच धुवा. कल्ल्यांत थोडी चांदी राहिली तर उत्तम.

आता ती "शंभर टक्के हर्बल" काळी मेंदी. खरी मेंदी पांढऱ्या केसांवर केशरी-लालच येते, निळीच्या पानांची पूड घातली तर काळसर होतं पण त्याला तासभर तरी लागतो. दहा मिनिटांत काळं करणाऱ्या पुडीत बहुतेक वेळा पीपीडीच असतं, मागची बारीक अक्षरं वाचा. पीपीडीची ॲलर्जी लगेच दिसत नाही, शरीराच्या रोगप्रतिकारक टी-पेशींना जागं व्हायला दीड-दोन दिवस लागतात, म्हणूनच कानामागे थोडा डाय लावून 48 तास वाट बघायची. खाज, सूज, पाण्याचे फोड आले तर तो डाय कायमचा बंद, आणि "अमोनिया-फ्री" लिहिलंय म्हणून चालेल असं नाही, कारण अमोनिया आणि पीपीडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रंग केसातून जात नसला तरी दाढी वाढतच असते, आठवड्याभरात मुळाशी पांढरी रेघ दिसायला लागते. तेव्हा फक्त मुळांनाच लावा, टोकांना परत लावलं की तिथे रंगावर रंग साठून तीच पॉलिश.