स्थिर व गतिमान ताण : शालेय सरावातील स्थान

स्नायू लांबवून त्याच स्थितीत काही सेकंद थांबणे म्हणजे स्थिर ताण. सांधा त्याच्या जवळजवळ पूर्ण कक्षेत, ताबा न सोडता, पुन्हा पुन्हा फिरवणे म्हणजे गतिमान ताण. मैदानावर दोन्हींना सरसकट ‘स्ट्रेचिंग’ म्हणतात, आणि बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. झटके देऊन, उसळ्या घेत ताणणे हा तिसरा प्रकार असून तो गतिमान ताणात मोडत नाही.

स्थिर ताण क्रीडासरावात नेमका कधी आला याबद्दल एकमत नाही. काही लेखक त्याचा धागा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनमध्ये लिंगने रुजवलेल्या व्यायामपद्धतीशी जोडतात, तर काही हठयोगाकडे बोट दाखवतात. आसने आणि स्थिर ताण यांत साम्य आहे हे खरे. पण साम्यावरून वंशावळ सिद्ध होत नाही. अधिक पटणारे मत असे की, आजच्या रूपाला शास्त्रीय आधार १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी शरीरक्रियातज्ज्ञ हर्बर्ट डी व्हरीस यांच्या प्रयोगांनी दिला. झटक्यांचा आणि स्थिर ताण यांची तुलना केल्यावर लवचीकता दोन्हींनी सारखीच वाढते, असे त्यांना दिसले. मग कमी धोक्याचा तो घ्यावा, असा विचार पुढे रूढ झाला. खेळाआधी गोल करून, आकडे मोजत वाकण्याची शाळेतली रीत बहुधा याच विचारातून आणि जुन्या कवायतीतून मिळून घडली असावी.

या रीतीला धक्का बसला १९९८ नंतर. त्या वर्षी अमेरिकेत कोक्कोनेन व सहकाऱ्यांना स्थिर ताणानंतर पायाची कमाल ताकद घटलेली आढळली. २०००मध्ये कॅनडात फाउल्स व सहकाऱ्यांनी पोटरीचे स्नायू ताणून मोजणी केली, तेव्हा ताकद लगेच सुमारे २८ टक्क्यांनी उतरली आणि तासाभरानंतरही ९ टक्के कमीच होती. ‘खेळाआधी स्थिर ताण नको’ हा इशारा अशा अभ्यासांतून पसरला. मात्र प्रयोगातली मात्रा पाहण्याजोगी आहे. तिथे पोटरी सुमारे अर्धा तास ताणलेली होती. असे कोणताही क्रीडाशिक्षक करत नाही.

पुढच्या आढाव्यांनी मात्रेकडे लक्ष दिले. २०१६मध्ये बेम व सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. एका स्नायूला एकूण ६० सेकंदांहून कमी स्थिर ताण दिल्यास कामगिरीतली घट सरासरी सुमारे १ टक्का निघाली, ६० सेकंद वा अधिक दिल्यास ती साडेचार टक्क्यांच्या आसपास गेली. गतिमान ताणाने उलट सव्वा टक्क्याच्या घरात वाढ दिसली. हे आकडे मुख्यतः प्रौढांचे आहेत.

जमिनीवर आणून पाहिले तर ४० सेंटिमीटर उभी उडी मारणाऱ्या मुलाचा १ टक्का म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरहून कमी. बोटांना खडू लावून भिंतीवर उडी मोजणाऱ्याला माहीत असते की, दोन लागोपाठच्या उड्यांत एवढा फरक सहज पडतो. साडेचार टक्के म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर. तो मात्र उंच उडीत किंवा खो-खोच्या झेपेत जाणवू शकतो.

घट का होते यावर दोन मते आहेत. एका मतानुसार ताणलेला स्नायू-कंडरा सैल पडतो आणि बळ हाडापर्यंत उशिरा पोहोचते. दुसऱ्या मतानुसार मज्जासंस्था स्नायूला कमी जोमाने चेतवते. पुरावा अलीकडे दुसऱ्या बाजूला थोडा अधिक झुकतो, तरी पहिले मत सोडून देण्याइतका नाही. गतिमान ताणाच्या फायद्याचा मोठा वाटा बहुधा ताणाचा नसून स्नायू तापण्याचा आहे.

सरावातील जागा. उदाहरण म्हणून खो-खोचा आठवी-नववीचा तासाभराचा सराव घेऊ. पहिली चार-पाच मिनिटे हलके धावणे, दिशा बदलत; थंड अंगाने ताण सुरू करू नये. मग सात-आठ मिनिटे गतिमान ताण : पाय पुढे-मागे झुलवणे, आडवे झुलवणे, चालत चालत मोठे पाऊल टाकून गुडघा वाकवणे, गुडघे उंच उचलत जाणे, प्रत्येकी दहा-बारा वेळा, कक्षा हळूहळू वाढवत. शेवटी दोन-तीन छोट्या दौडी, वेग चढता ठेवून.

पाय झुलवताना गडबड हमखास होते. मुले पाय वर फेकतात, कंबर वाकते, उभ्या पायाची टाच उचलली जाते, आणि गतिमान ताणाचा झटका होतो. ओळखण्याची सोपी खूण : मध्येच ‘थांब’ म्हटल्यावर पाय हवेत जिथे आहे तिथे थांबला पाहिजे. थांबत नसेल तर तो स्नायूने उचललेला नाही, फेकलेला आहे. उंची कमी करायला सांगावे.

खो-खोत पाटीवर बसणाऱ्याला घोटा आणि जांघ चांगली वाकवावी लागते. ज्याची टाच जमिनीला टेकत नाही, त्याला आधी पोटरीचा स्थिर ताण द्यायला हरकत नाही : प्रत्येक पायाला १५ ते २० सेकंद, एक-दोनदा, आणि त्यानंतर गतिमान ताण व दौडी. क्रम उलटा केला तर स्थिर ताण थेट धावण्याला येऊन भिडतो. जिम्नॅस्टिक्समध्ये पूर्ण पायफाकीसाठी हाच अपवाद नियम होतो. २०१८मध्ये ब्लाझेविच व सहकाऱ्यांनी पूर्ण वॉर्मअपच्या आत थोडा स्थिर ताण घालून पाहिला, तेव्हा धावणे-उडीच्या कामगिरीत घट आढळली नाही.

सामन्याच्या दिवशी वेगळीच अडचण असते. वॉर्मअप झाला, पण आधीचा सामना लांबला आणि मुले सावलीत बसली. फुटबॉलच्या मध्यंतरात, म्हणजे साधारण १५ मिनिटांत, मांडीच्या स्नायूचे तापमान सुमारे २ अंशांनी उतरल्याचे मोजले गेले आहे. अशा वेळी ‘बसलेच आहात तर ताणून घ्या’ असे सांगितले जाते. तेव्हाचा लांब स्थिर ताण सर्वांत चुकीच्या वेळी येतो. त्यापेक्षा नाव पुकारण्याआधी तीन-चार मिनिटे पुन्हा झुलवणे आणि दोन दौडी पुरतात.

लवचीकता वाढवायची असेल तर स्थिर ताणाची जागा सरावाच्या शेवटी, किंवा खेळाशी संबंध नसलेल्या वेळी. बँडी व आयरियन यांच्या १९९४च्या अभ्यासात मांडीच्या मागच्या स्नायूला आठवड्यात पाच दिवस, सहा आठवडे ताण दिला गेला. रोज ३० सेकंद धरल्याचा लाभ ६० सेकंदांइतकाच निघाला. ओढ जाणवावी, दुखू नये; श्वास रोखला गेला किंवा पाय थरथरू लागला तर मागे यावे. ‘दुसऱ्या दिवशी अंग दुखू नये’ म्हणून ताण देण्याचा उपयोग मात्र नगण्य असल्याचे आढाव्यांत दिसते. इजेबाबतही तसेच : २०००मध्ये ऑस्ट्रेलियात सैन्यभरतीच्या १,५३८ तरुणांवर केलेल्या चाचणीत व्यायामाआधी पायाच्या प्रत्येक स्नायूगटाला २० सेकंदांचा ताण देऊन इजा कमी झाल्या नाहीत.

झपाट्याने उंची वाढणाऱ्या मुलांत गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखरा उंचवटा येतो. याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. टाच ढुंगणाला लावून मांडी ताणताना तिथेच कळ येत असेल, तर ती स्नायूची ओढ नसून वाढत्या हाडावरचा खेच असतो. त्या मुलाला तो ताण न देता डॉक्टरांना दाखवावे.