लंबकाचा प्रयोग: विखुरलेली रीडिंग आणि सरकलेली रेषा

अकरावी-बारावीच्या जर्नलमध्ये 'सोर्सेस ऑफ एरर' हे शेवटचं सदर असतं आणि त्यात बहुतेक जण तीच तीन वाक्यं उतरवतात: हवेचा रोध, माणसाची चूक, उपकरणाची मर्यादा. एक्स्टर्नलने व्हायवात विचारलं, "मग तुझ्या टेबलमध्ये यातली कुठली दिसते, दाखव," की गाडी तिथेच अडते. रँडम एरर आणि सिस्टिमॅटिक एरर यांच्या व्याख्या पाठ असतात. पण स्वतःच्याच आकड्यांत त्या ओळखता येत नाहीत, कारण दोन्हींमुळे शेवटचं उत्तर चुकतं आणि चुकलेल्या उत्तराकडे नुसतं पाहून चूक कुठल्या जातीची ते कळत नाही. त्यासाठी टेबल आणि ग्राफ यांच्याकडेच जावं लागतं.

साधा लंबक घेऊ. सूत्र T² = 4π²L/g. यातली L म्हणजे दोरा जिथे कॉर्कच्या फटीत अडकवलाय तिथपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी. समजा एका मुलाने मीटरपट्टी लावून फक्त दोरा मोजला, हुकाच्या गाठीपर्यंत. हुक आणि गोळ्याची त्रिज्या मिळून २ सेंमी राहूनच गेले. त्याचं टेबल असं:

| मोजलेली लांबी (सेंमी) | २० दोलनांचा सरासरी वेळ (से.) | T (से.) | T² (से.²) | g (मी./से.²) |
|---|---|---|---|---|
| ६० | ३१.६ | १.५८० | २.४९६ | ९.४९ |
| ७० | ३४.१ | १.७०५ | २.९०७ | ९.५१ |
| ८० | ३६.४ | १.८२० | ३.३१२ | ९.५४ |
| ९० | ३८.५ | १.९२५ | ३.७०६ | ९.५९ |
| १०० | ४०.६ | २.०३० | ४.१२१ | ९.५८ |

शेवटच्या रकान्याची सरासरी ९.५४ येते. आता यातली कुठली चूक कुठली ते बघू.

८० सेंमीच्या ओळीत ३६.४ ही तीन रीडिंगची सरासरी आहे: ३६.२, ३६.६, ३६.४. लांबी तीच, गोळा तोच, तरी वेळ कधी थोडा कमी तर कधी थोडा जास्त. स्टॉपवॉचचं बटण दाबायला बोट कधी घाई करतं, कधी रेंगाळतं. ही रँडम एरर. तिला ठरावीक दिशा नसते, म्हणून तीन रीडिंगची सरासरी घेतली की ती बरीचशी एकमेकांत विरते. २० दोलनं मोजायला सांगतात तेही याचसाठी. बटणाची ०.२ सेकंदांची गडबड २० दोलनांत वाटली जाते, T मध्ये फक्त ०.०१ सेकंद उरते, म्हणजे १.८२ सेकंदांवर सुमारे अर्धा टक्का. सूत्रात T चा वर्ग असल्याने g मध्ये ती दुप्पट होऊन एक टक्क्याच्या आसपास जाते. एकच दोलन मोजलं असतं तर त्याच ०.२ सेकंदांनी g मध्ये वीसेक टक्क्यांचा घोळ घातला असता.

आता g चा रकाना वरून खाली वाच. पाचही किमती ९.८ च्या खाली आहेत, एकही वर नाही. आणि शेवटच्या दोन किमतींतली किंचित उलटापालट सोडली, तर लांबी वाढेल तशी g वाढत जाते. गुरुत्वत्वरणाला दोऱ्याच्या लांबीशी काही देणंघेणं नाही. तेव्हा हा कल निसर्गातला नाही, मोजणीतला आहे. ६० सेंमीत २ सेंमी विसरणं हे १०० सेंमीत २ सेंमी विसरण्यापेक्षा जास्त बोचतं, म्हणून आखूड दोऱ्याची g जास्त बिघडली. ही सिस्टिमॅटिक एरर. तीनऐवजी तीस रीडिंग घेतली असती तरी सरासरी ९.५४ च्याच आसपास राहिली असती. सरासरी घेऊन ती जात नाही.

हे आकडे ग्राफवर टाक. आडव्या अक्षावर मोजलेली लांबी, उभ्या अक्षावर T². पाच बिंदूंमधून पट्टीने अशी एकच सरळ रेषा काढ की काही बिंदू तिच्या वर राहतील, काही खाली. (बिंदूला बिंदू जोडत नागमोडी रेषा काढू नकोस, आणि टोकाचे दोनच बिंदू जोडून मोकळाही होऊ नकोस.) या रेषेपासून बिंदू जेवढे इकडेतिकडे सांडलेत, तेवढी रँडम एरर. इथे ते जवळजवळ रेषेवरच आहेत, म्हणजे वेळ नीट मोजलाय.

पण रेषा मागे वाढवली तर ती ओरिजिनमधून जात नाही. लांबी शून्य असताना T² सुमारे ०.०७ येतो आणि आडव्या अक्षाला रेषा जवळपास −१.७ सेंमीला छेदते. सिस्टिमॅटिक एरर इथे डोळ्यांना दिसते: अख्खी रेषा डावीकडे सरकली आहे, आणि किती सरकली तेही ग्राफच सांगतो. विसरलेले २ सेंमी ग्राफने १.७ असे परत दिले. उरलेला फरक बोटाच्या गडबडीचा.

मला या प्रयोगातली सर्वांत आवडती गोष्ट याच्या पुढची आहे. रेषा सरकली तरी तिचा तिरकेपणा बदलत नाही. या रेषेचा स्लोप मीटरमध्ये काढला तर ४.०५ येतो आणि g = 4π²/स्लोप वरून ९.७५. तेच आकडे, तीच चुकलेली लांबी, पण टेबलच्या सरासरीने ९.५४ दिले आणि ग्राफने ९.७५. म्हणून जर्नलमध्ये टेबल आणि ग्राफ दोन्ही मागतात. मात्र रेषा ओरिजिनमधून जायलाच हवी म्हणून ती जबरदस्तीने तिथून ओढलीस तर हा फायदा हातचा जाईल. आणि मुलं नेमकं तेच करतात.

पण ग्राफ सगळ्याच सिस्टिमॅटिक एरर पकडत नाही. समजा लांबी बरोबर मोजली, पण घड्याळ सुरू करतानाच "एक" म्हटलं. मग वीस मोजेपर्यंत दोलनं एकोणीसच होतात आणि प्रत्येक T पाच टक्क्यांनी कमी येतो. ग्राफवर बिंदू छान रेषेत, रेषा ओरिजिनमधून, सगळं कसं देखणं! फक्त स्लोप कमी असतो आणि g येते १०.८५ च्या आसपास. ठरावीक सेंमीची चूक रेषेला सरकवते. ठरावीक टक्क्यांची चूक रेषेला कलवते, आणि कललेली रेषा नुसती बघून संशय येत नाही.

तिथे टेबललाच एक जादा ओळ द्यावी लागते. एकाच लांबीला १०, २० आणि ३० पर्यंत मोज. मोजणी एकने चुकत असेल तर २.०३ सेकंदांच्या लंबकाला १८.३, ३८.६ आणि ५८.९ सेकंद असे वेळ मिळतील, आणि T येईल १.८३, १.९३, १.९६. एकाच लंबकाचे तीन वेगळे T म्हटल्यावर घोळ मोजणीत आहे हे उघड झालं. आता ५८.९ मधून ३८.६ वजा कर: २०.३ सेकंदांत दहा दोलनं, म्हणजे T २.०३. सुरुवातीची चूक दोन्हींत सारखीच असल्याने वजाबाकीत निघून गेली. 'सोर्सेस ऑफ एरर'मध्ये मग "माणसाची चूक" लिहिण्याऐवजी हे तीन वेळ आणि ही वजाबाकी लिही.