स्मरणपत्रांचा क्रम

लेखी विनंतीला उत्तर आले नाही की तिची आठवण करून देण्यासाठी जे पाठवतात ते स्मरणपत्र. सरकारी कचेऱ्यांत त्यांना सरळ आकडे देण्याची रीत आहे. विषयाच्या वर ‘स्मरणपत्र क्र. 1’, ‘स्मरणपत्र क्र. 2’ असे लिहितात आणि ‘संदर्भ’ या ओळीत मूळ पत्राचा जावक क्रमांक व तारीख देतात. एवढ्यानेही दाद लागली नाही तर एक अधिकारी दुसऱ्याला नावाने अर्धशासकीय पत्र लिहितो. खासगी व्यवहारात, ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर आकडे कोणी घालत नाही, पण तीन पायऱ्यांचा हा क्रम तिथेही चालतो: पहिली आठवण, दुसरी आठवण आणि शेवटची.

तिन्ही पत्रांत मजकूर तोच आणि सूर मात्र दर वेळी थोडा अधिक चढा, असा पुष्कळांचा समज असतो. त्यामुळेच बहुतेक स्मरणपत्रे वाया जातात. उत्तर न येण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येक पत्र त्यांतल्या एकेका कारणावर उपाय म्हणून लिहायचे असते. पत्र नजरेतूनच सुटले असेल, यावर पहिले. पत्र वाचले, पण काम किचकट म्हणून बाजूला पडले असेल, यावर दुसरे. काम होणारच नसेल तर निदान तसे कळावे आणि आपल्याला पुढची वाट धरता यावी, यासाठी तिसरे.

एक नमुना प्रकरण घेऊ. एका शिक्षिकेला नव्या नोकरीच्या अर्जासोबत आधीच्या खासगी शाळेचे अनुभव प्रमाणपत्र जोडायचे आहे. अर्जाची मुदत 30 जून. तिने 5 जूनला मुख्याध्यापकांना ईमेल केला. तेव्हा शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. कार्यालय उघडे असले तरी सही करणारे जागेवर असतीलच असे नाही, म्हणून आठवड्याने लगेच आठवण करण्यात अर्थ नव्हता. शाळा 15 जूनला उघडली. पहिले दोन दिवस प्रवेशाच्या गर्दीत जाणार हे धरून तिने 17 तारखेला पहिली आठवण पाठवली. दोन पत्रांमधले अंतर मुदतीपासून मागे मोजत ठरवायचे आणि वाटेतल्या सुट्ट्या त्यातून वजा करायच्या. ‘दर आठवड्याला एक’ हा सरसकट नियम इथे तिला बुडवून गेला असता.

पहिली आठवण मूळ ईमेललाच उत्तर म्हणून गेली, म्हणजे वाचणाऱ्याला जुने पत्र शोधावे लागले नाही. मजकूर तीन ओळींचा: “सप्रेम नमस्कार. अनुभव प्रमाणपत्रासाठी 5 जूनला पाठवलेली विनंती खाली आहे. सुट्टीत ती नजरेतून राहून गेली असेल, म्हणून पुन्हा पाठवत आहे. प्रमाणपत्र 27 जूनपर्यंत मिळाल्यास अर्ज वेळेत भरता येईल.” यात ‘आपण उत्तर दिले नाही’ असे वाक्य कुठेही नाही. तारीख मात्र आहे, तीही खऱ्या मुदतीच्या तीन दिवस अलीकडची. तारखेशिवाय पाठवलेली आठवण म्हणजे नुसते ‘काही झालं का?’ विचारणे. त्यावर ‘बघतो’ एवढेच उत्तर येते.

22 जूनपर्यंत उत्तर नाही. आता पत्र पोचलेच नसेल ही शक्यता कमी. शाळेच्या बाजूने पाहिले तर खरी अडचण दिसते: प्रमाणपत्र लिपिक तयार करतो, त्यासाठी रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख जुन्या दप्तरातून काढावी लागते आणि शाळा नुकती सुरू झालेली असताना त्याला तेवढी सवड नसते. म्हणून दुसऱ्या पत्रात तिने नियुक्तिपत्राची व कार्यमुक्तीच्या आदेशाची प्रत जोडली आणि प्रमाणपत्राचा मसुदाही तयार करून पाठवला. सोबत लिहिले: “तारखा जोडलेल्या आदेशांवरून घेतल्या आहेत. मसुदा योग्य वाटल्यास शाळेच्या लेटरहेडवर घेऊन सही-शिक्का द्यावा, ही विनंती. हे काम दुसऱ्या कोणाकडे असेल तर त्यांचे नाव कळवावे, मी त्यांच्याशी बोलेन.” दुसरे पत्र हे या क्रमातले सर्वांत कष्टाचे पत्र, आणि बहुतेक लोक नेमके तेच दोन ओळींत उरकतात. माध्यम बदलायचे तेही याच टप्प्यावर. ईमेल पाठवून कार्यालयाच्या वेळेत एक फोन केला तर चालतो. संस्थेच्या अध्यक्षांना मात्र इतक्यात प्रत पाठवू नये. वरिष्ठांना प्रत गेली की विनंतीची तक्रार होते आणि मुख्याध्यापक आधी खुलासा लिहायला बसतात.

मधेच ‘कार्यवाही सुरू आहे’ किंवा ‘करतो’ असे उत्तर आले तर क्रम थांबतो, पण संपत नाही. त्याच दिवशी आभार मानून ‘27 तारखेला कार्यालयात येऊन घेऊन जाऊ का?’ असे विचारावे. दिवस ठरला तर त्या दिवसापर्यंत गप्प राहावे. तो टाळला जात असेल, तर काम सुरूच झालेले नाही असे समजायला हरकत नाही.

शेवटचे पत्र 25 जूनला गेले. त्यात ती स्वतः काय करणार हे सांगितले होते: “28 जूनपर्यंत प्रमाणपत्र मिळाले नाही, तर नियुक्तिपत्र व वेतनचिठ्ठ्या जोडून मी अर्ज भरेन. प्रमाणपत्र देणे शक्य नसेल तर तसे एका ओळीत कळवावे, ही विनंती.” नकार देण्याची मोकळी वाट ठेवली की कधी कधी अडलेले उत्तर येते, कारण पुष्कळदा माणूस नकार द्यायच्या संकोचानेच गप्प असतो. मात्र जो पर्याय लिहायचा तो खरोखर हाताशी हवा. जाहिरातीत वेतनचिठ्ठ्या चालत नसतील तर हे वाक्य पोकळ ठरते. तसेच शेवटच्या पत्रानंतर चौथे पाठवले, तर पुढच्या वेळी ‘शेवटचे’ या शब्दाला कोणी विचारत नाही.

सरकारी कार्यालयाकडे अर्ज असेल तर हिशेब थोडा वेगळा. तिथे अर्ज आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर पोच घ्यावी आणि प्रत्येक स्मरणपत्रात तो आवक क्रमांक लिहावा. त्याच्यावाचून स्मरणपत्र नवा अर्ज म्हणून नोंदले जाऊन वेगळ्याच टेबलावर जाऊ शकते. अंतरासाठी महाराष्ट्राच्या 2005 च्या बदल्या व विलंब प्रतिबंध कायद्याचा आधार घेता येतो. त्यात सर्वसाधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असे आहे. दुसऱ्या विभागाकडे पाठवावी न लागणाऱ्या फाइलवर 45 दिवसांत, तर पाठवावी लागणाऱ्या फाइलवर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. दुसऱ्या स्मरणपत्रात या तरतुदीचा एका ओळीत उल्लेख केला तर तो उद्धटपणा होत नाही.

जिथे कायद्याने अपिलाची मुदत ठरवली आहे, तिथे स्मरणपत्रे उलट अंगावर येतात. माहितीच्या अधिकाराखालील अर्जाला साधारणपणे 30 दिवसांत उत्तर आले नाही तर तो नाकारल्यासारखाच धरला जातो आणि पहिल्या अपिलाचे पुढचे 30 दिवस सुरू होतात. जन माहिती अधिकाऱ्याला सौजन्याने दोन-तीन स्मरणपत्रे लिहिण्यात हेच दिवस निघून जातात. उशिरा आलेले अपील पुरेसे कारण असेल तर दाखल करून घेता येते, पण स्मरणपत्राच्या उत्तराची वाट पाहत होतो हे कारण अपिलीय अधिकाऱ्याला पुरेसे वाटेलच असे नाही. उधारीचेही तसेच. सर्वसाधारण येणे वसूल करण्यासाठी दाव्याची मुदत तीन वर्षांची असते आणि आपण कितीही स्मरणपत्रे पाठवली तरी ती वाढत नाही. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने देणे लेखी मान्य करून सही केली, तर मात्र ती त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. म्हणून उधारीच्या दुसऱ्या पत्रात पैशांसोबत ‘बाकी रक्कम बरोबर असल्याचे सही करून कळवावे’ अशी विनंती करतात.